कॉन्कॉर्डन्स वाचताना या चुका टाळा

मराठी बरीच येऊ लागली की मी शिकणाऱ्यांना शब्दकोश मिटून कॉन्कॉर्डन्सकडे वळवतो. मजकुराच्या संग्रहात शब्द शोधायचा. तो मधोमध आणि दोन्ही बाजूंना थोडा मजकूर, अशा ओळी एकाखाली एक येतात. त्या वाचायच्या असतात. बहुतेक जण नुसत्या बघतात.

कर्वे रस्त्यावरच्या आमच्या वर्गात एक तमिळभाषक गृहस्थ येत. साहेबांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी लिहिलं, 'आपल्यावर मोठी जबाबदारी ओढवली, हार्दिक अभिनंदन!' साहेब अस्सल पुणेकर. 'सांत्वनाबद्दल आभारी आहे,' एवढंच उत्तर आलं. गृहस्थ मला ओळ दाखवायला आले: 'घराची सगळी जबाबदारी त्याच्यावर ओढवली'. ओळ खरीच होती, पण डावीकडे कापलेली. क्लिक करून पूर्ण वाक्य उघडलं, तर सुरुवात निघाली 'वडील अचानक गेले आणि'. ते क्लिक करायला दोन सेकंदही लागत नाहीत, पण घाई! एका ओळीवरून नियम काढणाऱ्यांना माझ्याकडे औषध नाही.

दुसरी चूक सॉर्टची, म्हणजे ओळी कोणत्या बाजूच्या शब्दांनुसार लावायच्या याची. ट्यूटोरियल इंग्रजीसाठी केलेली असतात, म्हणून सगळे उजवीकडून लावतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'ओढवली'च्या उजवीकडे बहुतेकदा पूर्णविराम, नाहीतर 'आहे', 'होती'. त्यातून काय कळणार? आधी `1L`, म्हणजे डावीकडचा पहिला शब्द, मग `2L`, म्हणजे दुसरा, असं लावा. नामुष्की, संकट, प्रसंग, मृत्यू असे गठ्ठे आपोआप जमतात, आणि 'यश' किंवा 'आनंद' त्यात का नाही हे सांगावं लागत नाही. उजवीकडून मी एकदाच लावतो, 'ओढवून घेणे' सापडावं म्हणून. तिथे डावीकडे रोष आणि टीका दिसतात, म्हणजे दोष ज्याचा त्याचाच.

शोधताना `ओढवणे` टाकून 'काही मिळत नाही' म्हणू नका. मजकुरात रूपं असतात. `ओढव*` टाका, आणि लोक 'ओढावली'ही लिहितात म्हणून `ओढाव*`सुद्धा. नुसतं `ओढ*` टाकलंत तर ओढणी आणि ओढाताण निस्तरत बसाल.

पहिला स्क्रीन म्हणजे नमुना नव्हे. तो बऱ्याचदा एकाच फाइलीतला असतो. भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यादृच्छिक ३० ओळी घ्यायला सांगत, मग आणखी ३०, नवीन काही दिसेनासं होईपर्यंत. मी त्या कागदावर छापून पेन्सिलीने खुणा करतो. स्क्रीनवर डोळा घसरतो.

संग्रह फक्त वर्तमानपत्रांचा असेल तर नामुष्की जास्तच दिसेल, बोलण्यातली मराठी दिसणार नाही.

आणि AntConc या कॉन्कॉर्डन्सच्या प्रोग्राममध्ये शब्दयादीत 'स' आणि 'कट' वेगवेगळे दिसले, तर ते 'संकट' अनुस्वारापाशी तुटलं आहे. टोकनच्या व्याख्येत, म्हणजे शब्द कशाला धरायचा हे ठरतं तिथे, अक्षरांबरोबर `Mark` हा गटही निवडा आणि संग्रह पुन्हा भरा. त्याआधी केलेली मोजणी फेकून द्या.