इमॅजिनल एक्सपोजर: आकडा उतरला म्हणून खूश होऊ नका

प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, म्हणजे आघाताची आठवण टाळण्याऐवजी तिला पुन्हा पुन्हा सामोरं जाण्याची उपचारपद्धत, नव्याने शिकलेल्या थेरपिस्टांच्या सेशन-नोंदींत एक वाक्य हमखास सापडतं: ‘15व्या मिनिटाला सड्स 85वरून 20, चांगलं हॅबिच्युएशन.’ हॅबिच्युएशन म्हणजे सामोरं जाता जाता भीती ओसरणं. पण असं वाचलं की आनंदाआधी शंका यायला हवी.

सड्स म्हणजे क्लायंटने स्वतःच्या त्रासाला 0 ते 100मध्ये दिलेला आकडा. इमॅजिनल एक्सपोजर चालू असताना तो साधारण दर 5 मिनिटांनी विचारतात. क्लायंट डोळे मिटून, ‘मी’ म्हणत, वर्तमानकाळात आघाताची आठवण सांगतो आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. 90 मिनिटांच्या सेशनमध्ये सुरुवातीला गृहपाठ पाहायचा, मग 30 ते 45 मिनिटं हे सांगणं आणि शेवटची 15-20 मिनिटं त्यावर बोलणं, म्हणजे प्रोसेसिंग. पहिली दोन सेशन्स माहिती, उपचारामागचं कारण आणि टाळलेल्या गोष्टींची यादी यांत जातात. घाईची मंडळी दुसऱ्याच सेशनला आठवणीत उडी मारतात. हे का करायचं ते क्लायंटला कळलेलंच नसतं, मग तो तिसऱ्या सेशनला फिरकत नाही.

आता तो 20चा आकडा. रस्ता अपघातातून वाचलेल्या एका बाईचं उदाहरण घेऊ. तिसरं सेशन, डोळे मिटलेले. 5व्या मिनिटाला 70, 10व्या मिनिटाला 85. गाडी उलटते त्या क्षणाशी ती पोहोचते आणि आवाज सपाट होतो. ‘मी’ जाऊन ‘ती’ येते, वाक्यं तुटतात, थरथरणारा हात मांडीवर सैल पडतो. आकडा विचारल्यावर बऱ्याच वेळाने उत्तर येतं: ‘वीस.’ थेरपिस्टला वाटतं, भीती ओसरली, आणि तो आणखी 20 मिनिटं पुढे रेटतो. शेवटी ती डोळे उघडते आणि विचारते, ‘किती वेळ झाला?’ काय सांगितलं ते तिला आठवत नाही. मग प्रोसेसिंग करायचं कशाचं?

भीती ओसरली नव्हती, बाई तिथून निघून गेली होती. या हरवण्यालाच डिसोसिएशन म्हणतात. सगळ्यात वाईट क्षण सांगताना 5 मिनिटांत 65 अंक गळत नाहीत. खरी उतरण सहसा हळूहळू होते, कधी कधी काही सेशन्सनंतर, आणि तेव्हा तपशील वाढतात, आवाजात चढउतार राहतो. आठवण जागी असायला हवी आणि त्याच वेळी आपण इथे, या खुर्चीत, सुरक्षित आहोत हेही माहीत असायला हवं. दोन्हींपैकी एक सुटलं की नवं काही शिकलं जात नाही.

अशा वेळी आकड्यावर न थांबता विचारावं: ‘माझा आवाज येतोय का? आत्ता तुम्ही कुठे बसला आहात?’ उत्तर अडखळलं तर डोळे उघडायला सांगायचे, पाय जमिनीवर दाबायला लावायचे, हातात थंड किंवा खडबडीत वस्तू द्यायची. एरवी सांगणं चालू असताना थेरपिस्टने कमी बोलावं, इथे मात्र जास्त बोलावं. ती परत आली की डोळे उघडे ठेवून, भूतकाळात, गप्पा मारल्यासारखी तीच आठवण थोडा वेळ सांगू द्यायची. तिथेच गाशा गुंडाळलात, तर हरवलं की सुटका होते, असा धडा मिळतो. पुढचं सेशनही उघड्या डोळ्यांनीच सुरू करावं. तेही झेपत नसेल तर आधी लिहून आणायला सांगावं. वर्तमानकाळ आणि मिटलेले डोळे टप्प्याटप्प्याने परत आणता येतात. ती हरवली होती त्या सेशनचं रेकॉर्डिंग घरी एकटीने ऐकायला देऊ नये.

उलटी चूकही तितकीच होते. क्लायंट हुंदके देत 95 म्हणतो आणि थेरपिस्ट घाबरून ग्राउंडिंग, म्हणजे हेच पाय दाबायला लावणं, हातात वस्तू देणं, सुरू करतो. रडणारा माणूस प्रश्नाला उत्तर देतोय, तुमच्या आवाजाकडे वळतोय, तर तो हरवलेला नाही, त्याला सांगू द्या. तिथे ग्राउंडिंग म्हणजे थेरपिस्टने केलेली टाळाटाळ.

पहिल्या सेशनला शिकवलेला श्वासाचा व्यायाम इमॅजिनलच्या मध्ये वापरू नका. तो घरच्या ताणासाठी आहे.

हॉटस्पॉट, म्हणजे सर्वांत त्रासाचा तुकडाच पुन्हा पुन्हा सांगणं, हे आधी पूर्ण आठवण काही सेशन्समध्ये सांगून झाल्यावर.

आणि ‘हिला डिसोसिएशन होतं, एक्सपोजर नकोच’ हा निकालही घाईचा. तिला रोजच तासन्‌तास गायब झाल्यासारखं होत असेल किंवा जिवाला धोका असेल तर आधी ते हाताळायचं. एरवी पहिल्या इमॅजिनलआधी तिलाच विचारावं की हरवण्याआधी काय होतं. बहुतेक जण सांगू शकतात: कान बंद होतात, हात दुसऱ्याचे वाटतात, खोली लांब जाते. ते शब्द तिच्याच भाषेत फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत आणि दर 5 मिनिटांच्या आकड्यासोबत विचारावेत: ‘हात तुमचेच वाटताहेत ना?’