जाहिरातीत सूट लिहिण्याआधी एका साडीचा हिशेब

इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्यांची एक ठरलेली सवय असते. विक्री मंदावली की ‘फ्लॅट २५ टक्के ऑफ’ची जाहिरात लावायची. क्लिक स्वस्त पडतात, ऑर्डरी वाढतात, आणि महिनाअखेरीस हाती फारसं उरत नाही. पैसा कुठे गळतो हे कळायला पुढच्या क्रमाने जा. आकडे उदाहरणापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

१. एका साडीमागे काय उरतं ते काढा. समजा इरकल साडी तुम्ही १,६०० रुपयांना विकता. तिची खरेदी ९०० आणि पॅकिंग-कुरिअर १२०, म्हणजे जाहिरातीचा खर्च सोडून ५८० उरतात. २५ टक्के सूट दिली की भाव १,२०० होतो आणि उरतात १८०. भाव पाव भागाने उतरला, पण नफा दोन तृतीयांशाहून जास्त गेला. तेवढाच पैसा मिळवायला तिप्पटीपेक्षा जास्त साड्या विकाव्या लागतील. हे गणित जमत नसेल तर पुढे जाऊच नका.

२. दोन जाहिराती शेजारी ठेवून तपासा. फोटो आणि बजेट सारखंच ठेवा, ओळ तेवढी बदला. ‘अ’मध्ये ‘फ्लॅट २५ टक्के ऑफ’ लिहा. ‘ब’मध्ये लिहा ‘हातमागाची इरकल, १,६०० रुपये, घरपोच’. मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये A/B test ची सोय आहे, ती वापरलीत तर एकाच बाईला दोन्ही जाहिराती दिसत नाहीत. कुठली ऑर्डर कुठून आली हे कळायला लिंकच्या शेवटी खूण जोडा:

```
?utm_source=meta&utm_content=sut25
?utm_source=meta&utm_content=bhav1600
```

‘ब’वर क्लिक कमी येतील आणि महाग पडतील. घाबरू नका. भाव आधीच वाचल्यामुळे ज्यांना तो परवडत नाही त्या क्लिकच करत नाहीत, आणि तुमचे पैसे वाचतात. ‘७९९ पासून’ ही ओळ नेमकं उलटं करते. ७९९ची एकच साडी दाखवून बाकी सगळ्या दीड हजाराच्या असतील तर आलेली बाई चिडून निघून जाते, क्लिकचे पैसे मात्र तुम्ही भरलेले असतात. शिवाय पुरेसा माल नसताना स्वस्त भावाचं आमिष दाखवण्याला २०२२च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मनाई आहे.

३. निकाल लगेच वाचू नका. बहुतेक जण इथेच फसतात. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर नोंदली की डॅशबोर्ड तिला खरेदी म्हणून मोजतो. दारात ‘नको’ म्हणून पार्सल परत आलं, हे तुम्ही कळवल्याशिवाय त्याला समजत नाही. उलट सुटीला भुलून बटण दाबणाऱ्या माणसांसारखीच आणखी माणसं तो शोधत बसतो. म्हणून शेवटचं पार्सल पोचेपर्यंत किंवा परत येईपर्यंत थांबा, साधारण तीन-चार आठवडे.

मग प्रत्येकी ५,००० रुपयांच्या खर्चाचं चित्र असं दिसू शकतं. ‘अ’ला ३७ ऑर्डरी आल्या, म्हणजे एक ऑर्डर १३५ रुपयांना पडली. ‘ब’ला १५ आल्या, एक ३३३ला. डॅशबोर्डच्या मते ‘अ’ जिंकली. पण ‘अ’ची ९ पार्सलं परत आली, आणि जाण्या-येण्याचे प्रत्येकी २१० रुपये बुडाले. उरलेल्या २८ साड्यांचे ५,०४० मिळाले. त्यातून परतीचे १,८९० आणि जाहिरातीचे ५,००० वजा केले तर १,८५० रुपयांचा तोटा. ‘ब’चं एकच पार्सल परत आलं. १४ साड्यांचे ८,१२०, वजा २१०, वजा ५,००० म्हणजे २,९१० रुपये नफा.

४. सूट द्यायचीच असेल तर तिची मांडणी बदला. भाव हजाराच्या वर असेल तर टक्क्यांपेक्षा रुपये मोठे दिसतात: १,६००वर ‘१० टक्के’पेक्षा ‘१६० रुपये कमी’ डोळ्यांत भरतं. शंभराच्या आतल्या वस्तूला टक्के बरे. माझ्या मते त्याहून चांगली मांडणी म्हणजे ‘दोन साड्या घेतल्यास ३०० रुपये कमी’. दोन्हींचे २,९०० येतात. खरेदी १,८०० आणि एकत्र कुरिअर १५० धरलं तरी एका ऑर्डरमागे ९५० उरतात. शिवाय एक साडी स्वस्तात उचलायला आलेली गिऱ्हाइकं आपोआप गळतात. रोज ‘आज शेवटचा दिवस’ मात्र लिहू नका. डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या २०२३च्या सूचनांमध्ये खोट्या घाईला मनाई आहे, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना ती चौथ्या दिवशी कळते.

५. तीन महिन्यांनी यादी पुन्हा काढा. सुटीने आलेल्यांपैकी किती जणींनी जाहिरातीशिवाय, पूर्ण भावात दुसरी साडी घेतली ते मोजा. वरच्या उदाहरणात २८पैकी चौघी परतल्या तर ‘अ’चा तोटा भरून निघतो. ‘ब’ला गाठायचं तर नऊ जणी परतायला हव्यात, आणि तेसुद्धा ‘ब’ची एकही बाई दुसऱ्यांदा आली नाही असं धरून.