फौजेची पेन्शन आणि दुसरी नोकरी: महागाई सवलतीच्या या चुका टाळा

चाळीसगाव, पारोळा, अमळनेरकडचा जवान सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो. पंधरा वर्षांची पात्र सेवा झालेली असल्याने पेन्शन सुरू होते आणि वर्ष-दोन वर्षांत बँकेत, रेल्वेत किंवा जिल्हा परिषदेत माजी सैनिकांच्या जागेवर दुसरी नोकरीही लागते. मग पारावर चर्चा रंगते. कुणी म्हणतं पेन्शन बंद होणार, कुणी म्हणतं काहीच होत नाही. दोघेही चुकतात. दुसऱ्या नोकरीमुळे मूळ पेन्शन थांबत नाही. थांबू शकते ती पेन्शनवरची महागाई सवलत, म्हणजे डीआर. आणि ती थांबणार की नाही हे नव्या नोकरीत पगार कुठल्या टप्प्यावर बसवला यावर ठरतं.

नियम असा आहे. कमिशन्ड अधिकाऱ्याच्या खालच्या हुद्द्यावरून, म्हणजे शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत कुठूनही, 55 वर्षांच्या आत निवृत्त झालेल्या माणसाची पूर्ण पेन्शन नव्या नोकरीचा पगार ठरवताना बाजूला ठेवली आणि पगार त्या पदाच्या किमान टप्प्यावर बसवला, तर डीआर चालू राहते. फौजेतला जुना पगार राखण्यासाठी पगार किमान टप्प्याच्या वर बसवला, तर ती नोकरी असेपर्यंत डीआर मिळत नाही. हे केंद्र आणि राज्य सरकार, त्यांच्या कंपन्या, महामंडळं आणि सरकारी बँकांतल्या नोकरीला लागू आहे. एमआयडीसीतल्या खासगी कारखान्यात नोकरी धरली तर डीआरला धक्का लागत नाही. अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्यांचं गणित निराळं आहे, ते इथे घेत नाही.

रक्कम किती असते ते आधी पाहू, कारण डीआर म्हणजे पेन्शनवरची चिल्लर असा अनेकांचा समज असतो. समजा हवालदाराचा शेवटचा मूळ पगार 34,900 आणि मिलिटरी सर्व्हिस पे 5,200 होता. बेरीज 40,100, त्याच्या निम्मी पेन्शन 20,050. त्याने 50 टक्के पेन्शन विकली, म्हणजे कम्युटेशन घेतलं, तर हातात मूळ पेन्शन उरते 10,025. डीआर मात्र विक्रीआधीच्या पूर्ण 20,050 वरच मोजली जाते. 2024 च्या जानेवारी ते जूनमध्ये दर 50 टक्के होता, म्हणजे डीआरही 10,025. हातात येणाऱ्या पेन्शनचा बरोब्बर अर्धा भाग डीआरचाच.

पहिली चूक हयातीच्या दाखल्यावेळी होते. सीएससी सेंटरवर रांग असते, ऑपरेटर म्हणतो, “बोट ठेवा भाऊ, बाकी काही बदल नही ना?” आपण मान हलवतो. जीवन प्रमाणच्या त्या अर्जात हयातीखेरीज आणखी दोन प्रश्न असतात: पुन्हा नोकरीला लागलात का, आणि पुनर्विवाह केला का. ऑपरेटर दोन्हींना सवयीने ‘No’ लावून मोकळा होतो. बँकेत वरच्या टप्प्यावर पगार घेणाऱ्या माणसाच्या नावावर हे खोटं निवेदन जमा होतं आणि डीआर चालूच राहते. पुढे कधीतरी पगार आणि पेन्शन दोन्हींच्या नोंदी समोरासमोर आल्या की वसुली निघते. वरच्याच उदाहरणात फक्त 2024 या एका वर्षाची डीआर धरली, पहिले सहा महिने 50 टक्के आणि पुढचे सहा 53 टक्के, तर रक्कम 1,23,912 रुपये होते. चार-पाच वर्षं साचलेली वसुली पेन्शनमधून हप्त्याने कापली जाऊ लागली की घर हादरतं. म्हणून बोट ठेवण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि त्या दोन ओळी स्वतः वाचा.

याच्या उलटही घडतं. भुसावळला रेल्वेत लेव्हल 2 वर लागलेला माजी सैनिक प्रामाणिकपणे ‘Yes’ लावतो आणि कागद काहीच जोडत नाही. त्याचा पगार 19,900 वर, म्हणजे किमान टप्प्यावरच बसवलेला असतो, तरी नुसतं नोकरी आहे एवढं पाहून त्याची डीआर अडते. ‘Yes’ लावणं बरोबरच आहे, त्यासोबत नव्या कार्यालयाचा दाखला हवा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: रुजू झाल्याची तारीख, पगार ठरवताना पूर्ण पेन्शन वगळली आहे, आणि पगार पदाच्या किमान टप्प्यावर निश्चित केला आहे. “हे आमच्याकडे कामाला आहेत” एवढाच मजकूर असेल तर तो दाखला परत न्या, त्याचा उपयोग नाही. नीट दाखला, वेतननिश्चितीचा आदेश आणि पीपीओ जोडून स्पर्श पोर्टलवर तक्रार नोंदवा. पोर्टल जमत नसेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन जा. पुढे दरवर्षी वेतनवाढ मिळून पगार किमान टप्प्याच्या वर गेला म्हणून डीआर जात नाही. पाहिला जातो तो रुजू होतानाचा टप्पा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र बँकेत होते. केंद्राच्या खात्यात पूर्ण पेन्शन वगळली की पगार नव्या भरतीच्या माणसासारखाच किमान टप्प्यावर बसतो, तिथे निवडीला जागा नाही. सरकारी बँकेत शेवटच्या पगाराचा दाखला देऊन जुना पगार राखून घेता येतो. सोबतचे चार जण अर्ज करतात म्हणून आपणही करतो. आकडेमोड कुणी करत नाही.

तोच हवालदार घ्या. क्लार्कचा मूळ पगार 24,050 पासून सुरू होतो. समजा पगार राखल्यामुळे तो 33,020 वर बसला. फरक 8,970. बँकेचा महागाई भत्ता मोजायला सोपा म्हणून 20 टक्के धरू, म्हणजे 1,794 आणि एकूण 10,764. यातून 10 टक्के एनपीएसला जातात, 1,076 रुपये. हातात वाढतात 9,688 आणि जाते 10,025 ची डीआर. महिन्याच्या हिशोबात माणूस 337 रुपयांनी तोट्यात आहे!

पण एवढ्यावरच “डीआर राखा” असं म्हणून चालणार नाही. घरभाडे भत्त्यातला फरक यात धरलेला नाही. एनपीएसमध्ये बँकही 14 टक्के टाकते, म्हणजे या फरकावर आणखी 1,507 रुपये खात्यात जमतात, आणि ग्रॅच्युइटीही जास्त मूळ पगारावर निघते. बँकेतून निवृत्त झाल्यावर डीआर पुन्हा सुरू होते, तेव्हा तोटा साठीपर्यंतचाच. आमच्या मते टप्प्यांतला फरक असा मोठा असेल आणि नोकरीची वीस वर्षं हातात असतील तर पगार राखणं परवडतं. फरक तीन-चार हजारांचाच असेल, किंवा माणूस पन्नाशीला टेकून बँकेत लागला असेल, तर डीआर सोडू नये. शेवटच्या पगाराचा दाखला जोडून अर्ज देण्याआधी बँकेकडून दोन्ही टप्प्यांचे आकडे लेखी घ्या आणि निवड नंतर बदलता येते का, तेही त्याच कागदावर मागा.

पगार राखून घेतलाच असेल तर त्याच आठवड्यात पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला रुजू झाल्याच्या तारखेसह कळवा आणि पोचपावती जपून ठेवा. मधल्या काळात आलेली डीआर खर्च न करता वेगळ्या खात्यात ठेवा. ती मागितली जाणारच.