शेळीच्या दुधाचं दही घट्ट लावायचं असेल तर विरजण वाढवू नका, दूध आटवा

शेळीच्या दुधाचं दही पातळ झालं की दोन सल्ले हमखास मिळतात: विरजण जास्त घाला किंवा वरून साय घाला. दोन्ही मी केले आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. साय काढलेल्या गाईच्या दुधाचंही दही सुरीने कापता येईल इतकं घट्ट लागतं. दही उभं राहतं ते प्रथिनांवर, त्यातही केसीनवर. स्निग्धांशाने ते मऊ आणि चवदार होतं, एवढंच.

गाईच्या दुधात साधारण ३.५ ते ४ टक्के स्निग्धांश आणि ३.३ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास जातो, पण दह्याला खरा आधार देतात ती त्यातली सव्वाचार टक्के प्रथिनं. मेंढीचं दूध या सगळ्यांत पुढे, कारण त्यात प्रथिनंच साडेपाच टक्क्यांच्या घरात असतात. शेळीचे आणि उंटिणीचे आकडे गाईच्या जवळपास असतात, आणि इथेच लोक फसतात. शेळीच्या केसीनमध्ये गाईच्या मानाने एक घटक बहुधा कमी असतो, त्यामुळे तितक्याच प्रथिनांत तिचं दही नाजूक राहतं. सगळ्या शेळ्यांमध्ये तो सारखाच कमी नसतो, म्हणून एकीच्या दुधाचं दही बरं लागतं आणि दुसरीच्या दुधाचं वाहतं.

म्हशीचं आणि मेंढीचं दूध नेहमीसारखं तापवा, कोमट करा, विरजा. मेंढीचं दूध तळाला लवकर लागतं, तेवढं ढवळत राहा.

आता शेळीचं दूध. ते ताजंच हवं. शिळं असेल तर तापवतानाच फाटतं, म्हणून आधी चमचाभर दूध उकळून पाहा. त्यात कण दिसले तर ते दूध दह्याला घेऊ नका.

एक लिटर दूध घेतलं असं धरू. रुंद पातेल्यात आधी पाऊण लिटर पाणी ओता, लाकडी कालथा उभा धरून पाण्याची पातळी कुठे येते तिथे खूण करा आणि पाणी काढून टाका. मग दूध ओतून मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे आणि वर वाफ, एवढंच दिसायला हवं. खळाखळा उकळू देऊ नका. ढवळत ढवळत दूध खुणेपर्यंत आणा. अर्धा तास सहज जातो, आणि तो जायलाच हवा. एक उकळी आली की गॅस बंद करायचा ही सवय मला अनेक महिने नडली. दही लागायचं, पण चमचा घातला की विरघळल्यासारखं पातळ व्हायचं आणि खाली पाणी साठायचं. मी विरजण दुप्पट केलं, तर तेच दही जास्त आंबट झालं, इतकाच फरक.

या अर्ध्या तासात दोन गोष्टी होतात. लिटरभर दुधातली ३३ ग्रॅम प्रथिनं पाऊण लिटरमध्ये येतात, म्हणजे प्रमाण ४.४ टक्क्यांवर जातं, म्हशीच्या दुधाइतकं. शिवाय उष्णतेने निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनच्या कणांना चिकटतात. दही लागताना हे कण एकमेकांना धरतात आणि पाणी जाळीत अडकून राहतं. दूध नुसतं उकळून उतरवलं तर हे काम अर्धवट राहतं.

आटवायला वेळ नसेल तर तीन भाग शेळीच्या दुधात एक भाग मेंढीचं दूध मिसळा. मिश्रणातली प्रथिनं चार टक्क्यांच्या जवळ जातात. पण तेही २० मिनिटं तापवून ठेवायचंच.

दूध ४२ अंशांपर्यंत निवू द्या, त्यात ताज्या दह्याचा एक मोठा चमचा घोळवा आणि झाकून ठेवा. साधारण पाच-सहा तासांत दही लागतं. भांडं कलतं केल्यावर दही कडेपासून अखंड सुटलं की लगेच थंड करा. जास्त वेळ ठेवलंत तर जाळी आक्रसते आणि पाणी सुटतं.

उंटिणीच्या दुधाला हा उपाय लागू पडत नाही. निवळीतलं जे प्रथिन तापल्यावर केसीनला चिकटतं, ते त्यात जवळपास नसतंच, आणि केसीनचे कणही मोठे असतात. कितीही वेळ तापवलं तरी गुठळ्या तरंगणारं पातळ आंबट दूध मिळतं. ते घुसळून प्या. कापता येणारं दही हवंच असेल तर निम्मं म्हशीचं किंवा मेंढीचं दूध मिसळावं लागेल.