कांजिण्यांच्या साथीत मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र

दुसरीच्या वर्गात कांजिण्यांची साथ आली तेव्हा मला पाचवा महिना होता. मला लहानपणी कांजिण्या झाल्याचं आईला आठवत नव्हतं. रक्ततपासणीत प्रतिपिंडं आढळली नाहीत, आणि गरोदरपणात ही लस देत नाहीत.

“आजारी मुलांना घरी पाठवतोच आहोत,” सर म्हणाले. पण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरतो. म्हणून पत्रात मी सुट्टी न मागता कामात बदल मागितला:

“सर, मला कांजिण्यांची प्रतिकारशक्ती नाही. अहवाल व डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. शेवटचा रुग्ण आढळल्यापासून २१ दिवस मला वर्गावर न पाठवता प्रश्नपत्रिका काढणे, वह्या तपासणे ही कामे वेगळ्या खोलीत द्यावीत. नवा रुग्ण आढळल्यास त्याच दिवशी कळवावे.”

२१ दिवस अशासाठी, की लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तेवढा वेळ लागू शकतो. शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटत होतं. नकळत संपर्क आलाच, तर प्रतिपिंडांचं इंजेक्शन दहा दिवसांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावं लागतं.

मुदत आणि कामं स्पष्ट असल्यामुळे सरांनी लगेच होकार दिला. माझे तास सहकारी बाईंनी घेतले. त्यांना कांजिण्या होऊन गेल्या होत्या.