सेटअपच्या आधी बाजाराचा मूड ओळखा

चार्ट उघडल्यावर आधी अस्थिरता पाहा, ट्रेंड नंतर. निफ्टीसाठी India VIX हा अस्थिरतेचा निर्देशांक पुरतो. शेअरसाठी १४ दिवसांचा ATR, म्हणजे रोजच्या चढउताराची सरासरी, त्याच्या गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. तो दीडपटीच्या वर असेल तर 'अस्थिर' लिहा आणि ट्रेंडची ताकद मोजणारा ADX बघूच नका. अस्थिर नसेल तरच ADX: २५ च्या वर ट्रेंड, २० च्या खाली रेंज. मधल्या पट्ट्यात मी सौदा घेत नाही. (हे आकडे ठोकताळे आहेत, आपल्या शेअरवर तपासून घ्या.)

हा क्रम का? ३ जून २०२४ ला निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त उसळून विक्रमी पातळीवर बंद झाला. चार्टवर तो देखणा ब्रेकआउट होता. पण एप्रिलमध्ये १० च्या आसपास उतरलेला VIX तेव्हा २० च्या वर होता. दुसऱ्या दिवशी, लोकसभा निकालाला, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला. नेहमीच्या अंतरावरचा स्टॉपलॉस अशा दिवशी टिकत नाही. 'अस्थिर' असताना सौदा घ्यायचाच असेल, तर स्टॉपलॉस ATR च्या दुप्पट ठेवा आणि शेअरची संख्या त्या प्रमाणात घटवा. ADX मात्र उशिरा हलतो, त्यामुळे ट्रेंडचे पहिले काही दिवस हातचे जातात.