मऊ पडलेला मुळा पुन्हा कडक कसा झाला
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला मुळा पाल्यासकट फ्रीजमध्ये ठेवला की दोन दिवसांत वाकतो. पाला कंदातलं पाणी ओढून हवेत सोडतो, म्हणून तो आल्याआल्या कापायचा. गाजराचंही तसंच. बीटाचा मात्र दोन बोटं देठ ठेवा, नाहीतर शिजवताना रंग वाहून जातो.

नंतर न धुता, किंचित ओलसर फडक्यात गुंडाळून पिशवीत घालून खालच्या कप्प्यात. पिशवीत पाण्याचे थेंब दिसले तर फडकं बदला; गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी लगेच धरते.

मऊ पडलेला कंद टोकं कापून बर्फाच्या पाण्यात पूर्ण बुडवा, भांडं फ्रीजमध्येच. चिरलेले तुकडे तासाभरात कडक होतात, अख्ख्या गाजराला रात्र लागते. बुळबुळीत झालेला, वास येणारा टाकूनच द्या.